‘टीव्ही बंद पडलाय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला येणारे बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "टीव्ही बंद पडलाय, कधी येताय?" या वाक्यातून मेकॅनिकला एवढंच कळतं, की या घरात टीव्ही आहे. लाल दिवाच लागत नाही, त्यालाही माणसं ‘बंद’ म्हणतात. दिवा लागतो पण रिमोटला सेट जुमानत नाही, तोही बंद. कंपनीचं नाव पडद्यावर येऊन पुन्हा अंधार होतो, तोही बंद. आवाज व्यवस्थित येतोय, शेजारच्या खोलीत बातम्या ऐकू जातायत, फक्त चित्र नाही, तरी घरातले म्हणतात, बंदच आहे. या चारही तक्रारींत बिघडलेली जागा वेगळी असते, लागणारा भाग वेगळा आणि खर्चही वेगळा. कधी तो काही शेकड्यांत भागतो, कधी दहा हजारांच्या घरात जातो.

मेकॅनिक घरी आल्यावर बघेलच की, असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि त्यात चूक काही नाही. पण अंदाज फोनवरच सुरू होतो. कुठला भाग बरोबर घ्यायचा, सेट दुकानात आणायला सांगायचा की घरी जायचं, खर्चाचा आकडा काय सांगायचा, हे सगळं त्या दोन मिनिटांच्या बोलण्यावर ठरतं. ज्याला काहीच माहिती मिळाली नाही तो मेकॅनिक स्वतःच्या बचावासाठी सगळ्यात महाग शक्यता आधी बोलून टाकतो. "मदरबोर्ड गेला असेल, आठ-नऊ हजार धरून चाला." पुढे खरोखर दोन कंडेन्सर बदलून काम झालं, तरी गिऱ्हाइकाने मनात नऊ हजारांची तयारी केलेली असते. सगळेच मेकॅनिक या तयारीचा फायदा घेत नाहीत. घेणारे आहेत, हे मात्र याच धंद्यात बसून मला नाकारता येणार नाही.

आजच्या एलईडी टीव्हीचं मागचं झाकण काढलं तर आत फारसं काही नसतं. सगळ्यात मोठा आणि महाग भाग म्हणजे समोरचा पडदा, पॅनेल. त्याच्यामागे उजेड देणाऱ्या बारीक एलईडींच्या पट्ट्या. आणि मागच्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेले बोर्ड. त्यातला एक पॉवर बोर्ड. तो भिंतीतल्या २३० व्होल्टचे आधी सव्वातीनशे व्होल्ट डीसी करतो आणि मग त्यातून लहान लहान व्होल्टेज काढतो. बऱ्याच सेटमध्ये दिवा जागा ठेवायला ५ व्होल्ट, काम चालवायला १२ व्होल्ट आणि एलईडी पट्ट्यांना त्याहून बरंच जास्त. दुसरा मेनबोर्ड, ज्याला बाजारात सर्रास मदरबोर्ड म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, एचडीएमआयची भोकं, वायफाय सगळं त्याच्यावर. पॅनेलला चित्र पोचवणारा टीकॉन नावाचा छोटा बोर्ड कधी वेगळा असतो, कधी मेनबोर्डातच मुरलेला. ३२ इंची स्वस्त सेटमध्ये तर पॉवर आणि मेन दोन्ही एकाच पाटीवर येतात.

रिमोटचं बटण दाबल्यावर आत जे घडतं त्याला एक क्रम आहे, आणि गिऱ्हाइकाला एवढा क्रम कळला तरी पुरे. प्लग लावला की पॉवर बोर्ड ५ व्होल्ट सोडतो आणि लाल दिवा लागतो. बटण दाबलं की मेनबोर्ड पॉवर बोर्डाला ‘जागा हो’ असा इशारा देतो. पॉवर बोर्ड १२ व्होल्ट सोडतो. त्यावर मेनबोर्डाचा प्रोसेसर स्वतःचा प्रोग्राम वाचायला घेतो, आणि मग पॉवर बोर्डाला दुसरा इशारा जातो: पट्ट्या पेटव. पडदा उजळतो, लोगो दिसतो, थोड्या वेळाने आवाज आणि चित्र. ही मालिका कुठल्या पायरीवर तुटली, तेवढंच मेकॅनिकला हवं असतं. ‘बंद पडलाय’ या शब्दांत पायरी नसते. ‘लाल दिवा जातो, लोगो येतो, पाच सेकंदांनी पुन्हा लाल दिवा’ यात पूर्ण पायरी आली.

दिवाच लागत नसेल तर संशय पहिल्यांदा पॉवर बोर्डावर जातो. त्याआधी एखादा चार्जर त्याच सॉकेटात लावून बघावा, कारण एक्स्टेंशन बोर्डाचं बटण बंद असल्यामुळे व्हिजिट चार्ज देणारी घरं कमी नाहीत. दिवा लागतो पण सेट उठत नाही, तर रिमोट बाजूला ठेवून टीव्हीच्या खालचं किंवा मागचं बटण दाबावं. रिमोटचे सेल संपलेले असू शकतात, आणि सेलचा खर्च मेनबोर्डाच्या खर्चाशी ताडून बघण्यासारखा आहे.

आवाज येतो, चित्र येत नाही, या तक्रारीला घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. खोलीत अंधार करायचा, टीव्ही चालू ठेवायचा आणि मोबाइलची टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरकी धरून बघायची. टॉर्चच्या उजेडात हलणारी माणसं अंधुक दिसली, तर मेनबोर्ड चित्र तयार करतोय, पॅनेल ते दाखवतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. म्हणजे बहुधा पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा पॉवर बोर्डाचा भाग. असं चित्र दिसत असताना कुणी मेनबोर्ड बदलण्याचं कोटेशन दिलं, तर मेनबोर्डाकडून पट्ट्या पेटवायचा इशारा येतोय का हे मोजलंत का, ते आधी विचारावं. चित्र एक-दोन सेकंद उजळून दिसतं आणि मग काळोख होतो, हेही सहसा याच घरातलं दुखणं. पट्टीतला एखादा एलईडी तुटला की विद्युतदाब वाढतो आणि बोर्ड स्वतःच्या रक्षणासाठी पट्ट्या बंद करतो.

उभ्या रेघा, अर्धा पडदा पांढरा, अर्धं चित्र काळं, या तक्रारींत एकच गोष्ट बघून सांगावी. रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडायचा. रेघा मेनूवरूनही जात असतील तर दोष सेटच्या आत, बहुधा पॅनेलकडे किंवा टीकॉनकडे. मेनू स्वच्छ दिसत असेल तर सेटटॉप बॉक्स, त्याची केबल आणि एचडीएमआयचं भोक तपासायचं. काही कंपन्यांच्या सेटमध्ये बिघाड झाला की लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तेवढ्याच वेळा लुकलुकतो. सोनीच्या अनेक ब्राव्हिया सेटमध्ये ही सोय आहे. किती वेळा लुकलुकला हे मोजून सांगितलं, तर त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातून कुठल्या विभागात दोष आहे ते शोधता येतं. ‘दिवा ब्लिंक होतोय’ एवढ्यावर काही शोधता येत नाही.

मात्र सगळ्यात जास्त उपयोगी पडते आणि सगळ्यात कमी सांगितली जाते ती गोष्ट म्हणजे वेळ. बिघाड कधी दिसतो? थंड सेट सुरू करताना, की तापल्यावर? हळूहळू वाढला, की एका रात्रीत आला? ठाण्यातल्या एका सोसायटीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेच्या सेटवरून ही गोष्ट चांगली समजते.

त्यांचा ४३ इंची स्मार्ट टीव्ही, सहा वर्षं वापरलेला. एका सर्व्हिसवाल्याने घरी येऊन, झाकण न उघडता, लोगो येऊन सेट पुन्हा बंद होतो हे बघितलं आणि सांगितलं: मेनबोर्ड गेलाय, ९,२०० रुपये, शिवाय मजुरी. बाईंनी दुसरं मत घ्यायला फोन केला आणि सुरुवात तशीच केली, "टीव्ही बंद पडलाय." पण पुढचे प्रश्न विचारल्यावर त्यांनी शिक्षकी पेशाला शोभेल असं उत्तर दिलं. "अहो, दिवाळीच्या आधीपासूनच सकाळी नखरे करायचा. पहिल्यांदा बटण दाबलं की लोगो यायचा आणि जायचा. दोन-तीनदा दाबलं की लागायचा. एकदा लागला की रात्रीपर्यंत काही तक्रार नाही. मग दहा-दहा वेळा दाबावं लागायला लागलं. आता गेले चार दिवस लागतच नाही."

या पाच-सहा वाक्यांत निदान जवळजवळ झालेलं होतं. पॉवर बोर्डावर १२ व्होल्टच्या वाटेवर जे कंडेन्सर असतात, त्यांच्या आतला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो. सुकलेला कंडेन्सर थंड असताना विजेला जास्त अडवतो, गरम झाल्यावर थोडा सुधारतो. म्हणून सकाळी सेट उठत नाही, चार वेळा दाबून आतली मंडळी जरा ऊबदार झाली की उठतो, आणि एकदा उठल्यावर दिवसभर चालतो. द्रव आणखी सुकला की दाबण्याची संख्या वाढते. शेवटी सेट उठतच नाही. मेनबोर्डाच्या प्रोसेसरखालचे टाके सुटले असतील तर गोष्ट बहुधा उलटी असते. थंड सेट छान सुरू होतो, अर्धा-पाऊण तास चालतो, आणि तापला की चित्र गोठतं, आवाज एकाच अक्षरावर अडकतो, सेट आपोआप पुन्हा सुरू होतो. मागून टेबल फॅनचा वारा सोडला तर जास्त वेळ टिकतो. थंडीत अडणारा आणि उन्हाळ्यात अडणारा, अशी ही दोन वेगळी जनावरं आहेत. या निकषाला अपवाद असतात, पण पहिला संशय कुठे घ्यायचा ते यावरून ठरतं.

सेट टेबलावर घेतला. मीटर लावल्यावर ५ व्होल्ट ठणठणीत होते. बटण दाबलं की दुसऱ्या वाटेवर १२ व्होल्ट यायचे, मेनबोर्डाने ओढ घेतली की साडेआठपर्यंत घसरायचे, लोगो विझायचा आणि सेट पुन्हा झोपायचा. इथवर बघून कुणी म्हणू शकेल, की मेनबोर्डच जास्त वीज खातोय, म्हणजे दोष त्याचाच. हा मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच पुढची चाचणी लागते. पॉवर बोर्डाची १२ व्होल्टची वाट सोडवून मेनबोर्डाला बाहेरच्या बेंच सप्लायमधून १२ व्होल्ट दिले. सप्लायवर किती करंट जातोय ते दिसतं, आणि ते अगदी नेहमीएवढं होतं. मेनबोर्ड पहिल्या झटक्यात उठला, पडद्यावर चित्र आलं, दहा वेळा बंद-चालू केला तरी दहाही वेळा उठला. मेनबोर्डाची निर्दोष सुटका झाली.

पॉवर बोर्डावरच्या त्या वाटेवरचे दोन कंडेन्सर, प्रत्येकी १००० मायक्रोफॅरड आणि १६ व्होल्टचे. एकाची टोपी जराशी फुगलेली, बोट फिरवल्यावर जाणवेल एवढीच. दुसरा बाहेरून नवाकोरा वाटत होता, पण काढून मोजला तर तोही संपलेला. फुगलेला कंडेन्सर खराब असतो हे आता सगळ्यांना माहीत झालंय. न फुगलेलाही खराब असू शकतो हे घाईत सुटतं. दोन्हींच्या जागी १०५ अंशांचे चांगल्या प्रतीचे नवे घातले. भागांची किंमत शंभर रुपयांच्या आत. तपासणी, काम आणि ने-आण धरून बाईंचं बिल ११०० रुपये झालं. तो ९,२०० चा मेनबोर्ड लावला असता तरी सेट सकाळी उठला नसता, आणि मग तेच सर्व्हिसवाले म्हणाले असते, "आता पॉवर बोर्डही गेलाय."

एवढ्यावरून कुणी घरी झाकण उघडून कंडेन्सर शोधायला जाऊ नये. प्लग काढल्यानंतरही पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ साठून राहू शकतात. शिवाय पॅनेलच्या कडेला असलेल्या बारीक रिबनवर स्क्रूड्रायव्हर घसरला तर दुरुस्तीचा प्रश्नच मिटतो, कारण मग सेटच संपतो.

आता कोटेशनकडे. कोटेशन नीट आहे की नाही हे आकड्यावरून कळत नाही. ते त्या आकड्याच्या आधीच्या वाक्यावरून कळतं. "मेनबोर्ड गेलाय" हा निष्कर्ष झाला. तो कशावरून काढला हे विचारायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे, आणि तंत्रज्ञान न कळणाऱ्यालाही विचारता येईल असा प्रश्न साधा आहे: "दादा, मेनबोर्डाला १२ व्होल्ट बरोबर पोचतायत का? मोजलेत का?" ज्याने मोजलंय तो लगेच सांगतो, बहुतेक वेळा मीटरही दाखवतो. "५ आणि १२ दोन्ही बरोबर आहेत, तरी बोर्ड उठत नाही, मेमरीचा प्रोग्राम पुन्हा भरून बघितला, तरी नाही" असं उत्तर मिळालं तर मेनबोर्डाचं कोटेशन गांभीर्याने घ्यावं. उलट पॉवर बोर्ड गेला असं कुणी म्हणत असेल तर प्रश्न उलटा फिरवायचा: "मेनबोर्डाची वायर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात का?" मेनबोर्डावर कुठे शॉर्ट असेल तर तो पॉवर बोर्डालाही खाली ओढतो, आणि दिवा न लागण्याचा दोष फुकट पॉवर बोर्डाच्या माथी येतो. वायर काढल्याबरोबर व्होल्ट परत आले, तर गुन्हेगार पलीकडे आहे.

मेमरीचा उल्लेख आला म्हणून थोडं त्याबद्दल. स्मार्ट टीव्हीचा मेनबोर्ड म्हणजे एक छोटा संगणक, आणि त्याच्या साठवणीची चिप लिहून-पुसून थकते. लोगोवर तासन्‌तास अडकून राहणं, अ‍ॅप उघडताना सेट पुन्हा सुरू होणं, ही तिची लक्षणं. अशा वेळी फॅक्टरी रीसेट, मग कंपनीच्या साइटवर मिळत असेल तर पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर, मग चिप काढून नवी भरून बसवणं, अशा चढत्या पायऱ्या आहेत. शेवटची पायरी करणारे कारागीर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास सापडतात. प्रत्येक मेकॅनिककडे ते यंत्र नसतं आणि नसल्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. मात्र "आमच्याकडे बोर्ड बदलतात, चिपचं काम होत नाही" असं त्याने सरळ सांगावं. "हे दुरुस्तच होत नाही" आणि "मी दुरुस्त करत नाही" ही वाक्यं एक नव्हेत.

बोर्ड बदलायचाच ठरला तर कोटेशनमध्ये बोर्डाचा नंबर हवा. टीव्हीचा मॉडेल नंबर पुरत नाही, कारण एकाच मॉडेलखाली कंपन्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी पॅनेलं घालतात आणि त्याप्रमाणे बोर्डही बदलतात. नंबर बघायची जागासुद्धा चुकते. पाटीवर छापलेला नंबर बऱ्याचदा नुसत्या कोऱ्या पाटीचा असतो, आणि तीच पाटी अनेक मॉडेलांत वापरलेली असते. खरा नंबर स्टिकरवर. सॅमसंगच्या सेटमध्ये पाटीवर ‘बीएन ४१’ने सुरू होणारा नंबर छापलेला सापडतो, पण भाग जोडून तयार झालेल्या मेनबोर्डाच्या स्टिकरवर ‘बीएन ९४’ असतं, आणि पॉवर बोर्ड ‘बीएन ४४’ने ओळखला जातो. एलजीमध्ये पाटीवर ‘ईएएक्स’, मेनबोर्डाच्या स्टिकरवर बहुधा ‘ईबीटी’ किंवा ‘ईबीयू’, पॉवर बोर्डावर ‘ईएवाय’. ज्याने छापलेला नंबर बघून मेनबोर्ड मागवला, त्याच्याकडे बोर्ड बसतो, सेट सुरूही होतो, पण चित्र उलटं किंवा रंग फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसतात. कधी तो सेटिंग बदलून सुधारतो, कधी परत पाठवावा लागतो. जुन्या बोर्डाचा आणि नव्या बोर्डाचा, दोन्ही स्टिकरांचा फोटो बिलासोबत मागितला तर या भानगडीतला बराचसा भाग आपोआप गळतो.

मग बोर्ड कुठला? बाजारात तीन प्रकार चालतात आणि बोलताना तिघांनाही ‘ओरिजिनल’ म्हटलं जातं. पहिला कंपनीचा नवा, सीलबंद. दुसरा काढीव, म्हणजे पडदा फुटलेल्या सेटमधून काढलेला. काढीव बोर्ड वाईट नव्हे. पडदा फुटला म्हणून मेनबोर्ड बिघडत नाही, आणि बंद झालेल्या मॉडेलांसाठी बऱ्याचदा तोच एक मार्ग उरतो. पण तो नव्याच्या दराने विकला जाऊ नये आणि तो पॉवर बोर्ड असेल तर त्याच्या कंडेन्सरांनाही तितकीच वर्षं झालेली आहेत हे लक्षात ठेवावं. तिसरा युनिव्हर्सल बोर्ड, कुठल्याही पॅनेलला जुळवून घेणारा. ३२ इंची साध्या सेटला तो परवडतो. स्मार्ट सेटला लावला तर जुना रिमोट, जुनी अ‍ॅपं, कंपनीचे अपडेट, चित्राची मूळ गुणवत्ता यातलं बरंच काही जातं, आणि पट्ट्यांना किती करंट द्यायचा ते मेकॅनिकने नीट ठरवलं नाही तर पट्ट्या जळतात. गिऱ्हाइकाने कोटेशनवर ‘नवा’, ‘काढीव’ की ‘युनिव्हर्सल’ हा एक शब्द लिहून घ्यावा. लिहायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

वॉरंटीचंही तसंच. बदललेल्या बोर्डावर तीन महिने हे बऱ्याच ठिकाणी चालतं, काढीववर महिना. ती बोर्डाची आहे की कामाची, पुन्हा बिघडला तर येण्याचे पैसे लागतील का, हे बिलावर यावं. जुना बोर्ड परत मागावा. गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग नाही, पण काढलेला बोर्ड हातात आला म्हणजे तो खरोखर काढला होता हे कळतं. एक्स्चेंजमध्ये नवा स्वस्त पडत असेल तर जुना जाईल, हरकत नाही, मात्र तेवढी सूट बिलात दिसली पाहिजे. आणि जीएसटी लावला असेल तर बिलावर जीएसटी नंबर हवा. ज्याची नोंदणी नाही त्याला कर आकारता येत नाही.

पावसाळ्यातल्या बिघाडांचा हिशेब थोडा निराळा. वीज कडाडून गेली आणि दुसऱ्या दिवशी फक्त सेटटॉप बॉक्सचं चित्र येत नाही, बाकी सगळं चालतंय, असं झालं तर लाट बहुधा डिशच्या किंवा केबलच्या वायरीतून आत आलेली असते आणि एचडीएमआयचं एकच भोक मेलेलं असतं. शेजारच्या भोकात केबल लावून बघावी. एका भोकासाठी अख्खा मेनबोर्ड बदलण्यात काही अर्थ नाही. न्यूट्रल तुटल्याचा प्रकार जास्त भयंकर. तीन फेजवर वाटलेल्या इमारतीत न्यूट्रल सुटला, की ज्या घरात कमी उपकरणं चालू आहेत तिथे व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढतं. टीव्हीचा मोठा कंडेन्सर साधारण ४५० व्होल्ट डीसीचा असतो; ४०० व्होल्ट एसीचे डीसी होतात साडेपाचशेच्या पुढे. तो फटकन फुटतो, फ्यूज जातो. त्याच वेळी घरातला पंखा जोरात फिरला होता, बल्ब झगझगले होते, शेजारचा फ्रिजही गेला, हे मेकॅनिकला सांगितलं तर तो पॉवर बोर्डापासूनच सुरुवात करतो. अशा मारात मेनबोर्ड बऱ्याचदा वाचलेला असतो. म्हणून ‘दोन्ही बोर्ड गेले’ असं कोटेशन आलं तर आधी पॉवर बोर्ड दुरुस्त करून किंवा बेंच सप्लाय लावून मेनबोर्ड तपासायला सांगावं.

शेवटी आकडा. दुरुस्तीचा खर्च नव्या सेटच्या निम्म्याच्या वर गेला तर नवा घ्यावा, असा एक हिशेब लोक करतात. मला तो अपुरा वाटतो, कारण त्यात पॅनेल येत नाही. सेटची खरी शिल्लक किंमत पॅनेलमध्ये असते. चार वर्षांच्या ५५ इंची सेटचं पॅनेल स्वच्छ असेल तर मेनबोर्डावर १० हजार घालणं शहाणपणाचं ठरू शकतं. तेच पॅनेल कोपऱ्यांत काळवंडलं असेल, पांढऱ्या चित्रात निळसर डाग दिसत असतील, कडेला एखादी रेघ अधूनमधून येत असेल, तर पाच हजारही बुडीत. निळसर डाग म्हणजे पट्ट्या म्हाताऱ्या झाल्या. त्यांचा खर्च पुढच्या वर्षी दारात उभा आहे. सेट बंद असताना पॅनेल कसं बघणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठीच अट घालावी: आधी बोर्ड जोडून पूर्ण पांढरं चित्र दाखवा, मग पैसे. नीट दुकानवाला याला नाही म्हणत नाही.

नव्या सेटच्या किमतीचा हिशेब करताना हेही धरावं, की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या बिलावरची किंमत समोर ठेवून दुरुस्ती स्वस्त वाटली तर ती तुलना चुकीची आहे. आजची किंमत दुकानात विचारावी. सेट वॉरंटीत असेल तर बाहेरच्या माणसाला झाकण उघडू देऊ नये. कंपनीच्या केंद्राने भाग मिळत नाही म्हणून टाळलं, किंवा बिल आणि काम यांचा मेळ बसत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही काढलं आहे; त्यावर सहभागी कंपन्यांच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती मिळते.

राहता राहिला फोन. पुढच्या वेळी टीव्ही बिघडला तर फोन करण्याआधी प्लग काढून दोन मिनिटं थांबा, पुन्हा लावा, आणि प्लग लावल्यापासून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, ज्यात दिवा आणि पडदा दोन्ही दिसतील. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून खाली लिहा: किती वर्षं जुना, बिघाड थंड असताना होतो की तापल्यावर, हळूहळू आला की एकदम. सोबत सेटच्या मागच्या स्टिकरचा फोटो हवा. आणि भिंतीवर पक्क्या ठोकलेल्या टीव्हीचा स्टिकर ऐन वेळी कुणालाच दिसत नाही, म्हणून नवा सेट टांगायला माणूस येईल त्याच दिवशी, टांगण्याआधी, तो फोटो काढून ठेवा.